वरच्या साहेबांना प्रत

आप्पांनी माझं ऑफर लेटर शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. मी म्हटलं, पगार पहिल्या पानावर आहे. ते म्हणाले, "पयल्या पानावर सगळे गोडच बोलत्यात. अटी कुटं हायेत त्या दाव."

आप्पा चाळीस वर्षं पौडला तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. सातबाऱ्यावरची चूक, वारसनोंद, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जे असेल ते. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या भानगडी लिहून त्यांचा कुणावर विश्वास उरलेला नाही, आणि तो नसलेला विश्वास त्यांनी मला जसाच्या तसा दिला आहे. आई म्हणते, बापलेक देवळासमोर उभे राहिले तरी आधी चप्पल कोण बघतंय ते बघतील. आम्ही देवळात जात नाही, पण विहाराबाहेरसुद्धा मी चपला दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढते हे खरं आहे.

मी तेव्हा पिरंगुटच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग तपासायचे, माप चुकलं की माल परत पाठवायचा. सहा वर्षं झाली होती. संशय घेण्याचा पगार मिळत होता म्हटलं तरी चालेल. मग हिंजवडीच्या बाजूच्या एका कंपनीत मुलाखत झाली. दोन फेऱ्या झाल्या, दुसरीत विभागप्रमुख स्वतः होते. सोमवारी दुपारी मेलवर लेटर आलं. शुक्रवारपर्यंत होकार कळवा, नाहीतर ऑफर रद्द समजली जाईल, असं खाली लिहिलं होतं.

वर्षाला सात लाख ऐंशी हजार. माझा तेव्हाचा आकडा सहा लाख तीस हजार होता. मी घरी येईपर्यंत मनातल्या मनात आईसाठी वॉशिंग मशीन घेऊन टाकलं होतं.

आप्पांनी चष्मा पुसला आणि पेन्सिल घेऊन बसले. खरेदीखत वाचताना ते जमिनीच्या चारी बाजू तपासतात, तसं त्यांनी ते पत्र तपासलं.

"ही ग्रॅच्युइटी. पाच वर्सं राहिलीस तरच मिळंल. म्हंजी आत्ता हातात न्हाई."

"हो."

"हा पीएफ. कंपनीचा वाटा बी तुज्या पगारातच धरलाय."

"सगळेच धरतात, आप्पा."

"सगळे धरत्यात म्हून तो हातात येतो व्हय? अन् हे काय, व्हेरिएबल? नव्वद हजार. 'कंपनीच्या मर्जीनुसार.' मर्जी कुनाची, आपली का त्यांची?"

मी वही घेतली. हातात येणारा महिन्याचा पगार काढला तर आत्तापेक्षा साडेचार हजारांनी जास्त निघाला. पिरंगुटला कंपनीची बस घराजवळून न्यायची आणि जेवण कॅन्टीनला नावापुरत्या पैशांत होतं. नवीन ठिकाणी दोन्ही नाही. नव्या कंपनीजवळ मारुंजीला दोघींत एक खोली घेतली असती तरी माझ्या वाट्याचं भाडं साडेचार हजारांच्या वर गेलं असतं. म्हणजे मी नोकरी बदलून गरीब होणार होते, आणि वर पेढे वाटणार होते.

मला राग आला. लेटरचा कमी, माझा जास्त. सोमवारी दुपारपासून मी ज्या आनंदात होते तो एवढ्या लवकर संपला याचा राग.

पण नोकरी मला हवी होती. ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल. पिरंगुटला माझ्या वरच्या जागेवर बसलेला माणूस अजून वीस वर्षं रिटायर होणार नव्हता, आणि तो असेपर्यंत मी सुटे भाग मोजतच राहणार होते. नवीन ठिकाणी पुरवठादारांचं सगळं काम माझ्याकडे येणार होतं. तिथे जायचं होतं, पण खिशाला भोक पाडून नाही. आणि जास्त मागितलं तर ऑफरच गेली, असं कुणाकुणाचं झालेलं मी ऐकलं होतं. खरं खोटं देव जाणे, पण ऐकलं होतं.

"अर्ज लिव्हू," आप्पा म्हणाले.

त्यांनी खरंच लिहिला. मराठीत, फुलस्केपवर, समास सोडून. 'मे. साहेबांचे सेवेशी' पासून सुरुवात. मग अर्जदार ही गरीब कुटुंबातील असून वडील वृद्ध, आईस गुडघेदुखी, धाकट्या भावाचे शिक्षण चालू, तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून. आईने आतून विचारलं, माझा गुडघा कंपनीला कशाला सांगताय. मी हसले, पण मंगळवारी सकाळी बसमध्ये इंग्रजीत मेल लिहायला घेतला तेव्हा माझ्या बोटांतून तोच अर्ज उतरला. ऑफरबद्दल आभार, आपल्या कंपनीत काम करायला मी उत्सुक आहे, मात्र घरची जबाबदारी आणि राहण्याचा खर्च पाहता पगाराचा फेरविचार व्हावा ही नम्र विनंती. आकडा लिहिलाच नाही. आकडा आपण सांगायचा, की त्यांनी? आमच्याकडे कचेरीत रक्कम साहेब ठरवतात. मी एचआरच्या त्या मुलीला मेल पाठवून टाकला. तिच्याच नावाने लेटर आलं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. टेस्ट रूममध्ये फोन नेता येत नाही, म्हणून सुट्टीतच आला हे नशीब. मी कॅन्टीनच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी जाऊन घेतला.

आवाज माझ्यापेक्षा लहान वाटत होता. "मॅम, तुमचा मेल वाचला. दोन मिनिटं बोलू शकता का?"

"बोला."

"तुम्ही फिगरच लिहिली नाहीत. अशा मेलवर मी काही करू शकत नाही. 'फेरविचार व्हावा' म्हटलं की वर लोक म्हणतात, विचार केला, नाही जमत. तुम्ही स्पष्ट नंबर लिहा."

मी खिशातलं पेन काढलं.

"आणि घरचं नका लिहू प्लीज. घरभाड्यावर कुणी ॲप्रूव्हल देत नाही. तुमचं ऑडिटचं सर्टिफिकेट आहे ना, ते लिहा. पुरवठादारांकडचं रिजेक्शन तुम्ही किती खाली आणलं ते इंटरव्ह्यूमध्ये सांगितलं होतं, ते लिहा. बस आणि कॅन्टीनची सोय जाते हे एका ओळीत चालेल. आणि व्हेरिएबल कमी करून फिक्स्ड वाढवा असंही मागा."

"किती लिहू?"

तिच्या मागे कुणीतरी बोलत होतं. मग तिने आवाज खाली आणला. "या ग्रेडला आठ साठपर्यंत जाता येतं. तुम्ही आठ साठ लिहा. थोडं कमी होऊन येईल. आणि मेल फक्त मला पाठवा, मी वर टाकते. शुक्रवारच्या आत नक्की पाठवा."

फोन ठेवला आणि मी टाकीपाशी तशीच उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी अंगावर पाल पडल्यासारखं झालं. मालकाच्या बाजूचा माणूस आपल्याला सांगतो, एवढे मागा? भाजीवाली कधी म्हणते का, ताई, मला अजून पाच रुपये कमी द्या? आणि ही सगळी हकिगत फोनवर, मेलला मेलने उत्तर नाही. 'फक्त मला पाठवा.' दुपारभर मी मापं घेत होते आणि डोक्यात तेच. मी आठ साठ लिहायचे आणि ते दाखवून हिने म्हणायचं, बघा, उमेदवार हावरी आहे, ऑफर रद्द करा, आणि मग हिच्या ओळखीची कुणीतरी त्या जागेवर. असंही असू शकतं ना? माझ्या डोक्याला अशा गोष्टी शोधायला वेळ लागत नाही.

बसमधून मी पौडलाच उतरले आणि सरळ शेडमध्ये गेले. आप्पा एका म्हाताऱ्याचा अर्ज संपवत होते. मी सगळं सांगितलं.

"फोनवर म्हनली?"

"हो."

"लिव्हून काय न्हाई दिलं?"

"नाही."

"अन् फकस्त मलाच पाठवा म्हनली." आप्पांनी पेनाला टोपण लावलं. "पोरी, आपल्या फायद्याचं दुसरं कोन कशाला सांगंल? त्यात कायतरी हाय. तोंडी बोलल्यालं उद्या न्हाई म्हनलं तर तू काय करशील?"

ज्याचा अर्ज झाला होता तो म्हातारा पैसे देऊनही अजून तिथेच होता. तोही मान हलवत होता. "तोंडी न्हाई ऐकायचं, बाय," तो म्हणाला. "माजा बांध तोंडीच गेला."

मग आप्पांनी मला त्यांच्या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शिकवली. मला ती लहानपणापासून ठाऊक होती, पण ती माझ्या कामाची असेल असं वाटलं नव्हतं. अर्ज कारकुनाला एकट्याला द्यायचा नाही. कारकून तो दाबून ठेवतो. अर्जाखाली लिहायचं, 'प्रत माहितीसाठी', आणि तहसीलदारांना दिलेल्या अर्जाची प्रत प्रांतसाहेबांना पाठवायची. वर गेल्याचं कळलं की खालचा आपोआप हलतो. शिवाय कारकून तोंडी काही बोलला असेल तर तेही अर्जात घालायचं: 'आपण दि. अमुक रोजी समक्ष सांगितल्याप्रमाणे.' म्हणजे मग त्याला फिरता येत नाही.

"तिच्या वर कोन हाय?" आप्पांनी विचारलं.

विभागप्रमुख. मुलाखतीच्या निमंत्रणात त्यांचा पत्ता होता.

"टाक मंग त्यांना प्रत."

गुरुवारी सकाळी, बसमध्ये, मी मेल लिहिला. तो मेल चांगला होता, हे मी आजही म्हणेन. आभार, दोन ओळींत माझं काम, सर्टिफिकेट, रिजेक्शनचा आकडा, बस आणि कॅन्टीनची एक ओळ. आठ लाख साठ हजार, व्हेरिएबल कमी आणि फिक्स्ड जास्त अशा मांडणीत. हे मान्य झाल्यास मी लगेच होकार कळवीन आणि त्याच दिवशी राजीनामा देईन. तिने सांगितलं होतं तसंच सगळं. फक्त पहिली ओळ माझी आणि आप्पांची होती: 'काल दूरध्वनीवर आपण सांगितल्याप्रमाणे या ग्रेडची मर्यादा आठ लाख साठ हजारांपर्यंत असल्याने मी तेवढ्या रकमेची विनंती करत आहे.' आणि सीसीमध्ये विभागप्रमुख.

पाठवलं आणि मला फार हुशार वाटलं.

गुरुवारी काही आलं नाही. शुक्रवारी सकाळी काही आलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तिला फोन केला, उचलला नाही. परत केला, कट झाला. मी टाकीपाशी उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या आणि तिलाही घातल्या. बघ, म्हटलं, उघडं पडलं ना हिचं. आता उचलतेय कशाला. संध्याकाळच्या आत होकार कळवायचा होता. जुन्या आकड्यावर होकार टाकावा की गप्प बसावं? दोन वेळा मी 'मला ऑफर मान्य आहे' असं टाइप केलं आणि दोन वेळा खोडलं. आप्पांना फोन लावला तर ते म्हणाले, "दम काढ. कागद हलतोय तवा आवाज न्हाई येत." त्यांचा आवाजही नेहमीसारखा नव्हता. राजीनामा दिला नव्हता एवढंच बरं होतं, तो आप्पांनीच देऊ दिला नव्हता. नवं पत्र हातात पडल्याशिवाय जुन्या ठिकाणी शब्द काढायचा नाही.

पाचच्या सुमारास मेल आला. तिच्याकडून नाही, एचआरच्या दुसऱ्याच कुणाच्या नावाने. दोन ओळी. सुधारित ऑफर सोबत जोडली आहे, सोमवारपर्यंत स्वीकारावी, यापुढे बदल होणार नाही. आठ लाख चाळीस हजार. व्हेरिएबल निम्म्यावर.

मी शेवटच्या पानापासून वाचलं. सगळं बरोबर होतं.

त्या रविवारी आप्पांनी विहारात पेढे वाटले आणि ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगितलं की प्रत टाकली म्हणून काम झालं. मीही हसून मान हलवली. मलाही तसंच वाटत होतं. सोमवारी होकार पाठवला, सही केलेलं पत्र जोडलं आणि पिरंगुटला राजीनामा दिला. दोन महिन्यांचा नोटीस पिरियड होता. तो संपेपर्यंत नवीन कंपनीतून जे मेल आले, कागदपत्रांचे, बँकेचे, ते सगळे त्या दुसऱ्याच नावाने आले. मी त्याचा अर्थ लावला: खोटं बोलत होती म्हणून बाजूला केली असणार.

जॉइन व्हायच्या दिवशी एचआरची ती मुलगीच समोर होती; कार्डावरच्या नावावरून मी ओळखलं. गळ्यातल्या कार्डाची पट्टी आमच्यापेक्षा वेगळ्या रंगाची होती. एजन्सीमार्फत ठेवलेल्या लोकांची अशी असते, हे मला मागून कळलं. तिने मला एका छोट्या खोलीत नेलं, फॉर्म दिले, आयडी कार्डासाठी फोटो काढला. माझं नाव वाचून तिच्या चेहऱ्यावर काही हललं असेल तर ते मला दिसलं नाही, आणि मी अशा गोष्टी बघतेच.

मीच म्हणाले, "आपलं फोनवर बोलणं झालं होतं."

"हो मॅम."

"तुम्ही नंतर फोन उचलला नाहीत."

तिने फॉर्म सरळ केले. "उचलू शकत नव्हते. तुमचा मेल सरांना गेला ना. त्यांनी माझ्या मॅनेजरना फोन केला की ग्रेडची लिमिट कॅन्डिडेटला कुणी सांगितली. ते आम्ही सांगायचं नसतं." ती हे चिडून बोलत नव्हती. "तुमची केस मी बुधवारीच वर टाकली होती. आठ चाळीसला तयार होते ते. फक्त तुमच्याकडून नंबर लेखी हवा होता."

म्हणजे प्रत टाकली नसती तरी काम झालंच असतं.

"मग तुम्हाला काही..." मी म्हणाले.

"माझं कॉन्ट्रॅक्ट या महिन्याअखेर संपतंय. वाढवत नाहीत." तिने पेन पुढे केलं. "इथे सही करा. आणि इथे."

मी दोन्ही ठिकाणी सही केली. कागद न वाचता केलेली ती माझी आयुष्यातली पहिली सही असेल.

"तुम्ही मला सांगितलंतच कशाला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, जशी काही चूक तिचीच होती. "तुमचा काय फायदा होता त्यात?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "मी इथे लागले तेव्हा जेवढं दिलं तेवढं घेतलं. मागायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलं आकडा लिहूनच पाठवतात, मॅम. मुली 'फेरविचार व्हावा' लिहितात. म्हणून मुलींना मी फोन करते."

मला लाज वाटली. खूप वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर आप्पांना सगळं सांगितलं, तेव्हा ते हातातल्या पेनाला टोपण लावून जेवायला न बसताच बाहेर गेले.

पण त्या छोट्या खोलीत, तिच्यासमोर, मी माफ करा म्हणाले नाही. शब्द सुचले नाहीत असं लिहिलं तर ते छान दिसेल, पण तसं नव्हतं. तिचं ऐकत असताना माझ्या मनात आलं होतं, ही हे सगळं मला आत्ता का सांगतेय? हिला माझ्याकडून काय हवंय? मी विभागप्रमुखांना जाऊन भेटावं, असं तर नाही?

तिला काहीच नको होतं. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, फोटो ठीक आलाय ना, की परत काढू.